एका पेपरवरून प्रोटोकॉल बदलायचा का? पंधरा मिनिटांची तपासणी

राउंड संपत आलेला असतो आणि एखादा सहकारी मोबाइल पुढे करतो. "हे वाचलंस का? मृत्युदर चाळीस टक्क्यांनी खाली आलाय, आणि आपण अजून जुन्याच पद्धतीनं चाललोय." पुढचा रुग्ण थांबलेला असतो, हाताशी फार तर पंधरा मिनिटं असतात. तेवढ्या वेळात ठरवायचं असतं की हा पेपर बाजूला ठेवायचा, विभागाच्या बैठकीत मांडायचा, की उद्यापासून औषधाच्या चार्टवर उतरवायचा.

ही पंधरा मिनिटं कशी वापरायची ते एकच पेपर घेऊन दाखवतो. पेपर जुना आहे आणि मुद्दाम जुना निवडला आहे, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर २००१, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. बेल्जियममधल्या लूवन इथल्या ग्रीट व्हॅन डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत, व्हेंटिलेटरवरच्या १५४८ रुग्णांवर ट्रायल केली. अर्ध्यांची साखर इन्सुलिनच्या ड्रिपनं ८० ते ११० मिलिग्रॅममध्ये घट्ट धरली. उरलेल्यांना साखर २१५ च्या वर गेल्यावरच इन्सुलिन दिलं आणि ती १८० ते २०० च्या आसपास ठेवली. आयसीयूतला मृत्युदर ८.० टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आला. औषध जुनं, स्वस्त आणि प्रत्येक विभागात असलेलं. मोह पडावा असाच पेपर होता आणि तो जगभरातल्या आयसीयूंना पडलाही.

पेपर उघडण्याआधी: एक चिठ्ठी

आधी कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहा. आज मी अशा रुग्णाला नेमकं काय करतो? आणि माझे असे रुग्ण कोण? उदाहरणार्थ: "साखर २०० च्या वर गेली की स्लायडिंग स्केल. बहुतेक रुग्ण न्यूमोनिया किंवा सेप्सिसचे, नळीतून फीड चालू." एवढं पुरे.

हे आधीच लिहायचं कारण साधं आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून झालं की आपली आठवण पेपरच्या बाजूनं झुकते. आपले रुग्ण त्यांच्या रुग्णांसारखे दिसायला लागतात आणि "आपणही साधारण तसंच करतो" असं वाटायला लागतं. चिठ्ठीवर आधी लिहिलेलं असलं की ही सारवासारव जमत नाही.

पहिली तीन मिनिटं: कशाची तुलना कशाशी?

अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला निष्कर्ष वगळा आणि थेट मेथड्सवर जा. नवखे वाचक नव्या उपचाराचा परिच्छेद मन लावून वाचतात आणि कंट्रोल ग्रुपचा नजरेखालून घालतात. मी उलटं करायला सांगेन. फायदा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो, आणि ते "कशाच्या तरी" म्हणजेच कंट्रोल ग्रुप.

लूवनमध्ये दोन नियम समोरासमोर होते. एक, साखर २१५ पर्यंत जाऊ द्या. दोन, ८० ते ११० मध्ये धरा. मधला नियम, म्हणजे १४० ते १८० च्या आसपास ठेवा, तपासलाच गेला नव्हता. त्यामुळे फार सैल सोडण्यापेक्षा घट्ट धरणं त्या आयसीयूत बरं ठरलं, एवढं पेपर सांगू शकतो. मध्यम धरण्यापेक्षा घट्ट धरणं बरं, हे त्यातून निघत नाही. तुमच्या चिठ्ठीवर मधला नियम लिहिलेला असेल, तर पेपर तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही.

इथे आणखी एक सवय लावून घ्या. नियम मेथड्समध्ये असतो आणि प्रत्यक्षात काय घडलं ते निकालाच्या तक्त्यात असतं. दोन्ही बघा. या ट्रायलमध्ये घट्ट गटाची सकाळची सरासरी साखर १०३ होती आणि सैल गटाची १५३. २१५ ही मर्यादा वाचून डोळ्यांपुढे सगळ्यांची साखर दोनशे येते, पण तसं नव्हतं. बऱ्याच रुग्णांना इन्सुलिनची गरजच पडली नव्हती.

पुढची तीन मिनिटं: रुग्ण कोण, आणि आसपास आणखी काय चालू होतं?

"टेबल १" उघडा आणि चिठ्ठी शेजारी ठेवा. लूवनच्या रुग्णांपैकी सुमारे ६३ टक्के हृदयशस्त्रक्रियेनंतरचे होते. सैल गटातही आयसीयूतला मृत्युदर ८ टक्केच होता. तुमच्या विभागात सेप्सिसचे रुग्ण असतील आणि चारातला एक दगावत असेल, तर हा तुमचा वॉर्ड नव्हे.

वय आणि आजार जुळवून बहुतेक जण इथे थांबतात. खरी मेख बऱ्याचदा त्याच्या पुढे असते, दोन्ही गटांना सारख्याच मिळालेल्या उपचारात. तो दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तुलना चुकत नाही, म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. पण तुमच्याकडे तो उपचार नसेल तर निकाल तुमच्याकडे लागू होईलच असं नाही.

मेथड्समध्ये एक साधं वाक्य आहे: दाखल झाल्यावर सगळ्या रुग्णांना शिरेतून २४ तासांत २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज दिलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून शिरेतून पूर्ण पोषण, नळीतून फीड किंवा दोन्ही मिळून. क्षणभर विचार करा. ज्याच्या शिरेत पहिल्याच दिवशी पाव किलोच्या आसपास साखर जाते आहे, त्याला जास्तीच्या इन्सुलिनचा फायदा व्हावा यात नवल काय? आणि ज्याला फीड हळूहळू नळीतूनच मिळतं, त्याला तेवढंच इन्सुलिन दिलं तर? चिठ्ठीवर "नळीतून फीड" लिहिलं असेल तर या वाक्याखाली रेघ मारा. लेखाच्या शेवटी आपण याच वाक्यापाशी परत येणार आहोत.

काम कोण करत होतं हेही बघा. साखर धमनीच्या रक्तातून, दर एक ते चार तासांनी, यंत्रावर मोजली जात होती. डोस नर्सेस बदलत होत्या आणि त्यांच्या मदतीला रुग्णांच्या रोजच्या उपचारात नसलेला, खास अभ्यासासाठीचा डॉक्टर होता. आमच्या विभागात असाच एक घट्ट प्रोटोकॉल भिंतीवर लागला, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरांनी वाचून एवढंच विचारलं, "सर, आठ खाटा, दर तासाला एक तपासणी. करायची कुणी?" हिशेब मी नंतर केला. दिवसाला १९२ तपासण्या होतात. बोट टोचणं, आकडा लिहिणं, पंप बदलणं यांना मिळून पाच मिनिटं धरली, तरी रोजचे सोळा तास. म्हणजे जवळपास दोन पाळ्यांचं मनुष्यबळ. पेपरमध्ये हा खर्च कुठेच दिसत नव्हता, कारण तिथे तो आधीच भागवलेला होता.

शिवाय बोटाच्या टोकाचं रक्त आणि ग्लुकोमीटर हे धमनीच्या रक्ताची बरोबरी करत नाहीत. शॉकमधल्या किंवा हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णात मीटर साखर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. लक्ष्य १५० असेल तर ही चूक खपून जाते. लक्ष्य ९० असेल तर मीटरवर ८५ दिसत असताना रुग्णाची साखर साठ असू शकते.

दोन मिनिटं: ट्रायल प्रामाणिकपणे झाली का?

या पायरीवर अभ्यासक्रमांत तास खर्च होतात. घाईत चार गोष्टी पुरतात. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे दाखल करणाऱ्याला आधी कळू शकत होतं का? लूवनमध्ये बंद पाकिटं होती, ते चालण्यासारखं आहे. उपचार कोणता आहे हे कुणाला माहीत होतं? सगळ्यांना. इन्सुलिनचा ड्रिप लपवता येत नाही. मोजलेला परिणाम वेदना किंवा "बरं वाटतं का" असा असता, तर मी पेपर इथेच मिटला असता. मृत्यू मोजताना फसवणूक कमी होते, तरी उपचार माहीत असलेली टीम बाकीच्या काळजीत नकळत फरक करू शकते. मग, वाटलेल्या गटातच सगळ्यांचा हिशेब केला का? आणि मधेच किती जण हरवले? या पेपरात इथे मोठी खोट सापडत नाही.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. ट्रायल नीट केलेली होती. ज्या गोष्टींनी पुढे घात केला त्या "दर्जा" नावाच्या रकान्यात बसत नव्हत्या.

तीन मिनिटं: टक्के सोडा, शंभर माणसं मोजा

आता आकडे. मोबाइल पुढे करणारा "चाळीस टक्के" म्हणतो तो हिशेब असा: ८.० वरून ४.६, म्हणजे ३.४ नं घट. ३.४ भागिले ८.० म्हणजे साधारण ४२ टक्के. हिशेब खरा आहे, पण निर्णयाच्या कामाचा नाही. शंभर रुग्णांमागे आठ दगावत होते, आता साडेचार. म्हणजे शंभरांत तीन-साडेतीन वाचले. १०० भागिले ३.४ केलं की एक जीव वाचवायला किती जणांना उपचार द्यावे लागतील ते कळतं: सुमारे २९.

हा २९ आकडा ठाम धरू नका. प्रत्यक्ष मृत्यू घट्ट गटात ७६५ पैकी ३५ होते आणि सैल गटात ७८३ पैकी ६३. या आकड्यांवरून शंभरामागच्या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण १ ते ६ असा येतो. एक जीव वाचवायला १७ रुग्णही लागतील आणि जवळजवळ शंभरही. आता स्वतःला विचारा: शंभर लागणार असते तर मी सोळा तासांचं मनुष्यबळ यात घातलं असतं का? उत्तर नाही असेल, तर पेपरचा फायदा खरा असूनही तुमच्यासाठी तो अजून पक्का नाही.

लगेच तोट्याचा तक्ता शोधा. तो बऱ्याचदा मागच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. साखर ४० किंवा त्याहून खाली गेलेले रुग्ण घट्ट गटात ३९ आणि सैल गटात ६. शंभरामागे ५.१ आणि ०.८, म्हणजे फरक ४.३. तोच भागाकार केला तर दर २३ रुग्णांमागे एकाची साखर धोकादायक खाली जाणार. २९ आणि २३ हे दोन आकडे चिठ्ठीवर शेजारीशेजारी लिहा. लूवनच्या टीमला त्या प्रसंगांतून मोठं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. पण तिथे साखर तासातासाला बघणारं कुणीतरी होतं. तुमच्याकडे पहाटे तीन वाजता कोण बघणार आहे, ते तुम्हालाच माहीत.

एक मिनिट: ट्रायल ठरल्याप्रमाणे संपली की मधेच थांबवली?

"इंटेरिम अ‍ॅनालिसिस" हे शब्द शोधा. लूवनची ट्रायल फायदा ठळक दिसला म्हणून वेळेआधी थांबवली होती. ऐकायला हे चांगलंच वाटतं. पण नाण्याचा कौल मोजताना आपली बाजू पुढे गेल्या क्षणी खेळ थांबवला, तर नाणं आपल्याच बाजूचं वाटणार. फरक योगायोगानं वरच्या टोकाला असताना ट्रायल थांबते आणि तोच फुगलेला आकडा छापून येतो. २०१० मध्ये अशा थांबवलेल्या ट्रायल त्याच प्रश्नांवरच्या पूर्ण झालेल्या ट्रायलशी ताडून पाहिल्या गेल्या. ५०० पेक्षा कमी घटनांवर थांबलेल्या ट्रायलमध्ये फुगवटा सर्वांत मोठा निघाला. लूवनमध्ये आयसीयूतले एकूण मृत्यू ९८ होते.

माझा ढोबळ नियम असा: फायद्यामुळे लवकर थांबलेली, एकाच केंद्रातली, दोनशेपेक्षा कमी घटनांची ट्रायल असेल तर छापलेला फायदा मनातल्या मनात निम्मा करायचा आणि मग निर्णय बदलतो का ते बघायचं. याला गणिती आधार नाही, पण घाईत हा नियम उपयोगी पडतो. निम्मा केला की २९ चे जवळपास ५९ होतात. साखर घसरण्याचा आकडा मात्र २३ च राहतो.

उरलेली मिनिटं: दुसरं कुणी केलंय का, आणि निर्णय

पबमेडवर विषयाचा शब्द टाकून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि रँडमाइज्ड ट्रायल हे दोन फिल्टर लावा. दोन मिनिटांत कळतं की पेपर एकटा आहे की रांगेतला. सध्याच्या पेपरांसाठी ट्रायल रजिस्टरही उघडा. आधी ठरवलेला मुख्य परिणाम आणि छापलेला मुख्य परिणाम वेगळे असतील तर तिथेच थांबा. आणखी एक मोठी ट्रायल चालू असल्याचं दिसलं, तर वाट बघणं हाही एक निर्णय असतो.

मग चिठ्ठीवर तीनपैकी एक शब्द लिहा: बदल, चाचणी किंवा थांबा. एका रुग्णासाठी आणि अख्ख्या विभागासाठी हा शब्द वेगवेगळा असू शकतो. समोरच्या रुग्णाला दिलेला उपचार तासाभरात मागे घेता येतो. भिंतीवर लावलेला प्रोटोकॉल मात्र तुम्ही घरी असतानाही चालू असतो, तो नव्यानं रुजू झालेली व्यक्ती वापरते, आणि काढायला वर्षं लागतात. म्हणून धोरणासाठी माझी अट कडक आहे: दुसऱ्या केंद्रात, वेगळ्या टीमनं केलेली किमान एक ट्रायल त्याच दिशेला हवी. उपचार न देणं उघडच घातक असेल तेवढाच अपवाद.

२००१ ची चिठ्ठी मी अशी भरली असती. हृदयशस्त्रक्रियेचा विभाग, शिरेतून पोषण देणारा, नर्स पुरेशा: चाचणी, लक्ष्य थोडं वर ठेवून आणि साखर ४० च्या खाली गेलेला प्रत्येक प्रसंग नोंदवून. सेप्सिसचा मिश्र आयसीयू: घट्ट लक्ष्यासाठी थांबा, पण साखर दोनशेच्या वर सोडू नका. खाली तारीख: सहा महिन्यांनी पुन्हा शोध.

प्रत्यक्षात वाट बघण्याचा धीर फार थोड्यांना झाला. २००४ च्या सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साखर १५० च्या खाली ठेवा असं आलं. मधल्या काळात शंका यायला जागा होती. लूवनच्याच टीमनं २००६ मध्ये मेडिकल आयसीयूतल्या १२०० रुग्णांवर हाच प्रयोग केला, तेव्हा सगळ्या रुग्णांचा मिळून मृत्युदर लक्षणीय कमी झाला नाही. २००८ मध्ये छापून आलेली सेप्सिसवरची जर्मन ट्रायल तर साखर वारंवार घसरते म्हणून घट्ट गटापुरती थांबवावी लागली होती.

मार्च २००९ मध्ये नाइस-शुगर ट्रायल आली. मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातली ४२ रुग्णालयं, ६१०४ रुग्ण, आणि तुलना थेट त्या मधल्या नियमाशी: साखर १८० च्या वर गेली तरच इन्सुलिन, १४४ च्या खाली आली की बंद. ९० दिवसांतले मृत्यू घट्ट गटात २७.५ टक्के, दुसऱ्या गटात २४.९. म्हणजे घट्ट धरलेल्या दर ३८ रुग्णांमागे एक मृत्यू जास्त. साखर ४० किंवा त्याहून खाली गेलेले ६.८ विरुद्ध ०.५ टक्के. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत लक्ष्य १८० पर्यंत सैल झालं.

आणि ते पहिल्या दिवसाचं ग्लुकोज? २०२३ मध्ये लूवनच्या गटानं त्याच जर्नलमध्ये ९२३० रुग्णांची नवी ट्रायल छापली. ८० ते ११० विरुद्ध २१५ पर्यंत सैल, हेच दोन नियम, इन्सुलिनचा डोस ठरवायला संगणकाचा अल्गोरिदम, साखर धोकादायक खाली जाणं दोन्ही गटांत एक टक्क्याच्या आसपास. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा बदल एक: शिरेतून लवकर पोषण कुणालाच दिलं नव्हतं. आयसीयूतल्या मुक्कामात फरक पडला नाही, आणि ९० दिवसांचा मृत्युदर सैल गटात १०.१ आणि घट्ट गटात १०.५ टक्के निघाला.